स्टेटस पेजवरचा पिवळा रंग: पार्श्वभूमी

सेवा चालू आहे की बंद हे ग्राहकांना उघडपणे सांगणारं पान ठेवायची पद्धत 2005 च्या अखेरीस सुरू झालेल्या एका प्रकरणातून रुळली. ऑनलाइन सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीची सेवा तेव्हा वारंवार कोलमडली, ग्राहक चिडले, आणि 2006 मध्ये कंपनीने आपल्या यंत्रणेची प्रकृती सर्वांना दिसेल अशी मांडली. 2008 पर्यंत सर्वांत मोठ्या क्लाउड कंपनीचंही असं पान आलं. पुढे तयार स्टेटस पेज भाड्याने देणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि लहान स्टार्टअपकडेही ते दिसू लागलं.

28 फेब्रुवारी 2017 ला मात्र या पानांची मोठी उणीव उघडी पडली. त्या क्लाउड कंपनीच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रीजनमध्ये, तिथल्या वेळेपेक्षा तीन तास मागे असलेल्या पॅसिफिक वेळेनुसार सकाळी 9:37 ला, एका अभियंत्याने चालवलेल्या कमांडमध्ये एक इनपुट चुकलं आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर यंत्रणेतून काढले गेले. फाइल साठवण्याची सेवा बंद पडली. स्टेटस पेज अद्ययावत करण्याचं ॲडमिन कन्सोल त्याच सेवेवर अवलंबून होतं, त्यामुळे 11:37 पर्यंत एकाही घटकाची स्थिती बदलता आली नाही. दोन तास निम्मं इंटरनेट अडखळत होतं आणि कंपनी ट्विटरवर नि पानाच्या माथ्यावरच्या पट्टीत मजकूर लिहून निरोप देत होती. खालच्या यादीतल्या खुणा जुन्याच. आग लागलेल्या इमारतीतच धोक्याच्या घंटेची वायर टाकली होती. त्यानंतर कन्सोल अनेक रीजनमधून चालेल असं केलं गेलं. तरी 7 डिसेंबर 2021 ला त्याच रीजनमध्ये अंतर्गत नेटवर्क तुंबलं, तेव्हा कन्सोलची हत्यारं राखीव रीजनकडे नीट वळलीच नाहीत. सकाळी 7:30 ला सुरू झालेल्या बिघाडाच्या नोंदी पानावर नीट पडू लागल्या त्या 8:22 ला. त्याच नेटवर्कवर ग्राहकांच्या तक्रारी घेणारी यंत्रणाही होती, म्हणजे विचारायची वाटही बंद.

स्टेटस पेज आपल्या मुख्य यंत्रणेपासून वेगळ्या होस्टिंगवर, वेगळ्या डोमेनवर आणि वेगळ्या लॉगिनने चालावं, हा नियम आता सगळे मान्य करतात. वाद राहतो तो रंगाचा, विशेषतः पिवळ्याचा.

प्रचलित साच्यात घटकाच्या बिघाडाला तीन नावं आहेत: `degraded_performance`, `partial_outage` आणि `major_outage`. पहिल्याचा अर्थ सेवा मंदावली, आणि पिवळा रंग याचाच; दुसऱ्याचा काहींसाठी बंद, तिसऱ्याचा सरसकट बंद, म्हणजे लाल. पण मंद आणि बंद यांची सीमा कुठे? दहापैकी चार पेमेंट टाइमआउट होत असतील, तर सर्व्हर पाहणारा म्हणतो मंद आहे. दुकानदाराच्या लेखी ती पेमेंटं झालेलीच नाहीत.

या निवडीचा हिशेबावर काय परिणाम होतो ते पाहा. 30 दिवसांच्या महिन्यात 43,200 मिनिटं असतात, आणि 99.9 टक्क्यांचं वचन दिलं तर साधारण 43 मिनिटं बंद राहायची मुभा मिळते. समजा पेमेंट 120 मिनिटं असं अडखळलं. एका बहुप्रचलित साधनात `major_outage` ची मिनिटं पूर्ण धरतात, `partial_outage` ची 30 टक्के धरतात आणि `degraded_performance` ची धरतच नाहीत. म्हणजे तोच बिघाड `major_outage` म्हटला तर 99.72 टक्के दाखवतो, `partial_outage` म्हटला तर 36 मिनिटं धरून 99.92, आणि `degraded_performance` म्हटला तर चक्क 100. वचन मोडलं की नाही हे एका ड्रॉपडाउनवर ठरतं, आणि ड्रॉपडाउन बिघाड करणाऱ्याच्याच हातात असतो. भरपाईचे करार असल्यामुळे लाल रंगासाठी काही ठिकाणी वरिष्ठांची मंजुरी मागण्याची प्रथा पडली, आणि उशीर अनेकदा तिथेच होतो.

याला उतारा म्हणून रंग मॉनिटरिंगने आपोआप बदलावा असं एक मत आहे. पण मॉनिटरचा एखादा खोटा इशाराही पान लाल करतो, आणि तो चार वेळा झाला की लोक पानाकडे पाहणं सोडतात. मला मधला मार्ग पटतो: सलग तीन बाह्य तपासण्या फसल्या की ‘तपास सुरू आहे’ हा निरोप आपोआप जावा, रंगाची तीव्रता ड्यूटीवरच्या माणसाने ठरवावी, आणि निकष ग्राहकाच्या फसलेल्या विनंत्यांचा असावा. ‘पाचपैकी एक पेमेंट अडकतंय, पुढची माहिती 10:40 ला’ एवढं लिहिलं तरी पुरतं. कारण सापडेपर्यंत थांबायची गरज नसते.

2022 च्या सुरुवातीला त्या क्लाउड कंपनीने सार्वजनिक पान आणि ग्राहकाच्या खात्यापुरतं पान एकत्र आणलं. लॉगिन केलं की तुमच्याच संसाधनांवर परिणाम करणाऱ्या घटना दिसतात. अचूकता वाढली हे खरं, पण लॉगिन नसलेल्याला, म्हणजे त्या सेवेवर उभ्या असलेल्या ॲपच्या साध्या वापरकर्त्याला, त्यातलं काहीच दिसत नाही.