स्मॉकिंग (मुलांच्या फ्रॉकवरील)

कापडाला आधी एकसारख्या बारीक चुण्या घालून मग त्या चुण्यांच्या माथ्यावर टाके घालण्याच्या भरतकामाला स्मॉकिंग म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समधले शेतमजूर, गाडीवान १८व्या-१९व्या शतकांत अंगात घालत त्या जाड, ढगळ अंगरख्याला ‘स्मॉक’ म्हणत. त्यावरून हे नाव आले. इलॅस्टिक नसलेल्या काळात छातीशी आणि मनगटाशी कापड आवळून धरायचे, पण हात हलवला की सैल सोडायचे, असे काम या चुण्या करीत. १९व्या शतकाच्या अखेरीस ही कला बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांत शिरली, आणि पुढे मुलांच्या फ्रॉकवर टिकून राहिली. तिथे तिची खरी सोय आहे: भरलेला भाग मुलाच्या श्वासाबरोबर ताणतो आणि पुन्हा जागेवर येतो.

खुणांवर थेट टाके घालून कापडाला जाळीसारखे उठाव आणण्याचाही एक प्रकार स्मॉकिंग याच नावाने चालतो. त्यात चुण्यांचे दोरे नसतात. ही नोंद त्याविषयी नाही.

बघणाऱ्याला वरचे रंगीत टाके दिसतात. पण काम चांगले उतरणार की फसणार हे त्याआधीच, म्हणजे पांढऱ्या कापडाच्या उलट्या बाजूवर ठिपके आखताना ठरलेले असते. लॉन, केंब्रिक, व्हॉइल यांसारख्या तलम सुती कापडावर तर हे जास्तच खरे, कारण तलम कापड काहीच झाकत नाही.

कापडाची तयारी

सुती कापड आधी धुऊन आटवून घ्यावे लागते. चुण्या भरल्यानंतर कापड आटले तर भरतकामाचा दोरा तेवढा आटत नाही आणि टाके सैल लोंबतात. धुतल्यावर कापड कात्रीच्या अंदाजाने न कापता एक आडवा धागा ओढून काढावा आणि त्या रेघेवर कापावे. ठिपक्यांच्या ओळी या आडव्या धाग्याला धरून गेल्या तरच चुण्या उभ्या धाग्यात सरळ पडतात. ओळ तिरकी गेली तर चुण्यांना पीळ बसतो. तो इस्त्रीने जात नाही आणि फ्रॉकचा घेर एका बाजूला ओढलेला दिसतो. कापड फारच लुळे असेल तर हलकी खळ देतात. धुतल्यावर ती निघून जाते.

ठिपके उलट्या बाजूला उमटवतात. इस्त्रीने उठणारे तयार छाप वापरले तर इस्त्री फिरवायची नाही, नुसती टेकवून उचलायची. ती सरकली की ठिपका रेघोटी होतो. पाण्याने जाणाऱ्या पेनाच्या खुणांवर मात्र गरम इस्त्री लागू देऊ नये, त्या पक्क्या बसतात. उष्णतेने उडणारी शाई वाफ देताना नाहीशी होते खरी, पण थंडीत ती पुन्हा उमटू शकते. पांढऱ्या लॉनवर म्हणूनच अगदी फिकट पेन्सिलीचे ठिपके उत्तम. बारीक चौकड्यांच्या कापडावर ठिपके न आखता चौकडीचे कोपरेच धरता येतात.

चुण्यांचे दोरे

दोन ओळींत साधारण १ सेंमी अंतर ठेवतात. प्रत्येक ओळीला स्वतंत्र दोरा हवा आणि तो कापडाच्या रुंदीपेक्षा १० सेंमी तरी लांब असावा, कारण दोरा मध्येच जोडता येत नाही. दोरा मजबूत आणि कापडाहून वेगळ्या रंगाचा घ्यावा, म्हणजे नंतर भरताना तो पट्टीसारखा उपयोगी पडतो आणि काढताना चटकन दिसतो. मात्र पांढऱ्यावर गडद लाल किंवा काळा नको. त्याचे तंतू तलम कापडात अडकून राहतात.

सुरुवातीला पक्की दुहेरी गाठ मारून सुई प्रत्येक ठिपक्याखालून जेमतेम १ मिमी कापड उचलत पुढे जाते. लॉनमध्ये हे तीन-चार धागे होतात. दोन ठिपक्यांमधला दोरा उलट्या बाजूवर मोकळा राहतो. दोरा ओढला की उचललेले बिंदू एकमेकांजवळ येतात आणि मधले कापड सुलट्या बाजूला उभे राहते, तीच चुणी. सुईने दोन-दोन मिमी उचलले तर उलट्या बाजूलाही छोट्या चुण्या तयार होतात आणि पुढची चुणी तेवढी उथळ होते. नवख्या हाताची चूक बहुतेक वेळा इथेच होते. ठिपक्यावरून सुटण्याच्या भीतीने सुई जरा जास्तच खाते.

भरायच्या ओळींच्या वर एक आणि खाली एक असे दोन जादा दोरे घालावेत. त्यांच्यावर टाके पडत नाहीत. वरचा दोरा योक, म्हणजे फ्रॉकचा खांद्याकडचा साधा भाग, जोडताना चुण्या धरून ठेवतो आणि खालचा शेवटच्या ओळीखाली चुण्या विस्कटू देत नाही.

सगळे दोरे घालून झाले की एकदम धरून हळूहळू ओढायचे, चुण्या घट्ट बसवायच्या आणि वरून कापड न दाबता वाफ द्यायची. मग सुलटी बाजू उजेडात धरून पाहायची. प्रत्येक चुणी वरपासून खालपर्यंत एका रेघेत उतरली पाहिजे. एखाद्या ओळीपाशी दोन चुण्या मिळून एक जाड चुणी झाली असेल, तर तिथे ठिपका सुटला आहे. एखाद्या ओळीपाशी सगळ्याच चुण्या सरकल्या असतील, तर त्या ओळीची सुरुवातच चुकली आहे. दोन्हींवर उपाय एकच: तेवढाच दोरा काढून पुन्हा घालायचा. दोरे वेगवेगळे ठेवण्याचा हा मोठा फायदा. वरून टाके घालून चूक लपवू म्हणणाऱ्याची नक्षी त्या जागी हमखास मोडते.

चुणीची खोली

चुणीची खोली म्हणजे तिच्या तळापासून माथ्यापर्यंतचे अंतर. ती एकाच ओळीतल्या दोन ठिपक्यांमधल्या अंतराच्या साधारण निम्मी असते, कारण तेवढे कापड दुमडून उभे राहते. ठिपके ६ मिमीवर असतील तर खोली अडीच ते ३ मिमी. सुई एका ठिपक्यात शिरून पुढच्या ठिपक्यात निघेल असा सरळ धावदोरा घातला, तर हिशेब बदलतो: ठिपक्यांमधल्या सलग दोन अंतरांची मिळून एक चुणी होते आणि तेच ठिपके जवळजवळ दुप्पट खोल चुणी देतात. कोणत्याही नमुन्यावर ठिपक्यांचे अंतर वाचताना तो कोणत्या पद्धतीसाठी आहे हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

भरताना सुई चुणीच्या वरच्या एक-तृतीयांश भागातूनच जाते. खालचा भाग मोकळा राहतो आणि त्याच्यामुळेच कापड ताणू शकते. ठिपके ४ मिमीवर घेतले तर चुणी २ मिमीची, आणि सुईला मिळणारा माथा पाऊण मिमीही नाही. इतक्या थोड्या धाग्यांवर टाका ओढला की तलम कापडाला भोके पडतात. ती टाळायला सुई खोल घातली की ती चुण्यांच्या दोऱ्यात अडकते आणि भरलेला भाग पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. उलट ८ मिमीच्या ठिपक्यांची ४ मिमी खोल चुणी जाड कापडात उभी राहते, पण लॉनमध्ये तिला स्वतःचा भार पेलत नाही. ती आडवी पडते, टाके वाकडे दिसतात आणि मुलाच्या छातीवर कापडाचा नाहक थर चढतो. लॉनसाठी ६ मिमी हा बहुधा योग्य मध्य असतो. अगदी तान्ह्या बाळाच्या झबल्यावर ५ मिमीही चालते.

तलम कापडाला जास्त कापड लागते असे सांगतात ते बरोबर आहे. साध्या सुती कापडात तयार रुंदीच्या तिप्पट पुरते, तलम कापडात साडेतीन ते चौपटही लागते. पण याचा अर्थ चुणी खोल करावी असा काढला जातो, तिथे गफलत होते. तलम कापडाच्या चुण्या पातळ असल्याने त्याच जागेत जास्त मावतात. तेव्हा वाढवायची ती चुण्यांची संख्या. खोली तीच राहू द्यावी.

एक हिशेब

दोन वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकचा पुढचा भाग भरायचा आहे आणि भरून झाल्यावर तो २४ सेंमी रुंद हवा, असे समजू. तिपटीने ७२ सेंमी कापड होते. ६ मिमीच्या ठिपक्यांनी ७२ सेंमीत १२० चुण्या, म्हणजे तयार कामात सेंमीला ५. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी शिवणीसाठी धरून कापड ७५ सेंमी कापायचे.

पण कापण्याआधी नमुना करून पाहावा. त्याच कापडाच्या १८ सेंमी रुंद तुकड्यावर ३० चुण्यांच्या चार ओळी घालून, नेहमीच्या हाताने दोन-तीन प्रकारचे टाके भरावेत, दोरे काढावेत आणि रुंदी मोजावी. ती ६ सेंमी भरली तर हिशेब बरोबर. ५ सेंमी भरली तर कापड ३.६ पट लागणार: २४ सेंमीसाठी ८६.४ सेंमी आणि १४४ चुण्या. हा फरक कापडाचा असतो तसाच हाताचाही. टाका आवळून ओढणाऱ्या व्यक्तीला त्याच लॉनचे जास्त कापड लागते, म्हणून दुसऱ्याचा हिशेब उसना घेऊन भागत नाही.

चुण्यांची संख्या नक्षीलाही जुळवून घ्यावी लागते. एक त्रिकोणी लाट १२ चुण्यांत पुरी होत असेल तर १२० मध्ये दहा लाटा बसतात, १४४ मध्ये बारा. चुण्या सम असल्याने मध्य दोन चुण्यांमधल्या खाचेत येतो. तिथे रंगीत दोऱ्याची खूण करून मध्यापासून दोन्हीकडे मोजावे.

आठ ओळी भरायच्या तर दोरे दहा. ते ओढून काम २४ नव्हे, २२ सेंमीवर बांधायचे, कारण दोरे काढल्यावर भरलेला भाग थोडा पसरतो. बांधल्यावर दोन चुण्यांमध्ये सुईचे टोक उतरेल एवढी फट असावी.

पहिली ओळ केबल टाक्याची, म्हणजे दोरा आळीपाळीने सुईच्या वर-खाली ठेवत भरलेल्या सरळ ओळीची, घालतात, कारण तो कमी ताणतो आणि योकशी चुण्या धरून ठेवतो. खाली जाताना लाटा आणि शेवटी मधपोळ्यासारखी घरे पाडणारा हनीकोम टाका येतो, जो सर्वांत जास्त ताणतो. त्यामुळे फ्रॉक खाली सहज फुलतो. लॉनवर सहा पदरी दोऱ्यातले दोन किंवा तीन पदर पुरेत. नक्षीत चार-पाच चुण्यांहून मोठी रिकामी जागा सुटली तर उलट्या बाजूने कापडाच्याच रंगात केबलची ओळ घालावी, नाहीतर तिथल्या चुण्या फुगतात.

भरणे संपल्यावर वरचा दोरा ठेवून बाकीचे काढतात, काम २४ सेंमीला टाचण्यांनी ताणून वाफ देतात आणि तसेच वाळू देतात. योक जोडून झाला की वरचा दोराही काढतात. भरलेल्या भागावर इस्त्री दाबायची नाही, फ्रॉक धुतल्यानंतरही नाही.