शेजारच्या काकूंची गोळी बंद झाली, मग माझी का नाही?

आमच्या इकडे हृदयाच्या नळीत स्टेंट टाकलेली माणसं आता जवळपास प्रत्येक गावात सापडतात आणि पारावर बसली की एकमेकांच्या चिठ्ठ्या बघतात. "काकू, तुमची एक गोळी बंद केली डाक्टरनं, मंग मायी काऊन चालू हाय?" असं विचारून झालं की काही जण घरी जाऊन स्वतःच गोळी बंद करून टाकतात, म्हणून हे लिहितोय.

समजा काकू 76 वर्षांच्या, हिमोग्लोबिन साडेनऊ, अटॅक आलेला नाही, चढावर छाती भरून यायची म्हणून तारीख ठरवून स्टेंट टाकला. विचारणारा भाऊ 52 चा, ऐन सोयाबीनच्या सोंगणीत अटॅक आला, तातडीनं नागपूरला नेला. स्टेंट दोघांचा एकाच जातीचा, तरी रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्यांपैकी काकूंची क्लोपिडोग्रेल तीन महिन्यांत थांबली, ॲस्पिरिन राहिली, आणि भाऊला दोन्ही गोळ्या वर्षभर.

स्टेंट म्हणजे धातूच्या बारीक तारांची जाळी. रक्तातल्या प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी करणाऱ्या बारीक कणांना, उघडा धातू दिसला की त्या चिकटायला लागतात, म्हणून रक्तवाहिनीचं आतलं अस्तर वाढून तारा झाकल्या जाईपर्यंतचा काळ धोक्याचा. जुन्या साध्या स्टेंटवर हे अस्तर महिना-दीड महिन्यात यायचं, पण त्याखालचे स्नायूही माजायचे आणि शंभरातल्या वीस-तीस जणांची नळी परत अरुंद व्हायची. म्हणून 2003 च्या सुमारास औषध लावलेले स्टेंट आले. हे औषध तणनाशकासारखं, तण तर मारतंच पण पिकाचीही वाढ रोखतं! स्नायू माजले नाहीत, पण अस्तरही लवकर येईना, आणि वर्षानंतरसुद्धा काहींच्या स्टेंटमध्ये गुठळी व्हायला लागली, 2006 मध्ये त्यावरून जगभर मोठा गदारोळ झाला. आताच्या स्टेंटच्या तारा बारीक आहेत, पूर्वी जाडी 140 मायक्रॉन असायची ती आता साधारण 60 ते 80, अस्तर लवकर येतं, म्हणूनच काकूंसारख्यांची एक गोळी लवकर थांबवता येते.

आता माझा आवडता भाग. ॲस्पिरिन रक्तात तासभरसुद्धा धड टिकत नाही, मग दिवसातून एकच गोळी कशी पुरते? कारण प्लेटलेटला केंद्रक नसतं. ॲस्पिरिन तिच्यातलं एक एन्झाइम कायमचं निकामी करते आणि नवीन बनवायचं सामानच तिच्याकडे नाही, त्यामुळे ती मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच राहते. या एन्झाइमशिवाय प्लेटलेटला इतर प्लेटलेट्सना बोलावणारा एक रासायनिक निरोप पाठवता येत नाही. पण निरोपाचा दुसराही रस्ता असतो, तो क्लोपिडोग्रेल बंद करते, तीही कायमचा. म्हणून दोन गोळ्या. टिकाग्रेलॉर नावाची गोळी मात्र चिकटते आणि सुटते, ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि चुकली तर असर लवकर उतरतो.

रोज साधारण दहावा हिस्सा प्लेटलेट्स नव्या येतात. म्हणजे दोन्ही गोळ्या सोडल्या की पाच दिवसांत जवळपास निम्म्या प्लेटलेट्स पुन्हा कामाला लागलेल्या असतात, आणि माणसाला काहीच जाणवत नाही. जाणवतं ते एकदम, स्टेंट गच्च बंद होऊन अटॅक आल्यावर.

अटॅकवाल्याला वर्ष का, तर त्याच्या नळीत एक जागा फुटलेली असते आणि बाकीच्या जागाही तापलेल्या असतात, प्रश्न नुसत्या स्टेंटचा नसतो. मग आयुष्यभर दोन्ही का नाही? 2014 च्या एका मोठ्या अभ्यासात 12 महिने आणि 30 महिने यांची तुलना केली, स्टेंटमधली गुठळी 1.4 टक्क्यांवरून 0.4 वर आली, पण मध्यम ते गंभीर रक्तस्राव 1.6 वरून 2.5 वर गेला. काकूंचं वय आणि साडेनऊचं हिमोग्लोबिन बघता त्यांच्या बाबतीत रक्तस्रावाचं पारडं आधीच जड आहे.

त्यात गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणायची सवय. या दोन गोळ्यांवर ती घेतली की पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट आणि घाण वासाचं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लोहाच्या गोळीनंही काळं होतं, पण तसं चिकट नसतं. दाढी करताना जास्त वेळ रक्त येणं, हातावर निळे डाग हे चालायचंच. आणि लसूण-आलं-लिंबाचा काढा घेऊन ब्लॉकेज विरघळतं असा जो मेसेज फिरतो, त्यावर गोळी सोडणाऱ्यांचं मला खरंच काय करावं कळत नाही, काढा प्या बापहो, पण गोळीही घ्या.

दात काढायचा असेल तर बहुतेक वेळा गोळ्या बंद न करताच काढतात, बोळा दाबून किंवा टाका घालून रक्त थांबवतात. हर्निया वगैरे ऑपरेशन सहसा ठरलेली मुदत संपेपर्यंत पुढे ढकलतात, आणि थांबणं शक्यच नसेल तर हृदयाच्या डॉक्टरला विचारून क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात.