जेवण ‘पंगत’मध्ये, खर्च हॉस्पिटलच्या नावावर

समजा, पुण्यात ‘पंगत’ नावाचं एक हॉटेल आहे. पाटीवर पंगत, मेनूकार्डावर पंगत. तुम्ही तिथे १,२४७ रुपयांचं जेवण केलंत, कार्ड टेकवलंत आणि महिनाअखेरीस स्टेटमेंट उघडलंत, तर समोर ही ओळ:

```
SHREE GAJANAN HOSPITAL PUNE
```

घरात कुणी आजारी नाही. मग हॉस्पिटलला पैसे कुणी दिले? पहिला विचार अर्थातच कार्ड चोरीला गेल्याचा येतो.

ही ओळ तुमच्या बँकेने लिहिलेली नसते. कार्ड टेकवलं की दुकानदाराच्या बँकेकडून तुमच्या बँकेकडे एक संदेश जातो. त्याची ठेवण आयएसओ ८५८३ या मानकाने ठरवलेली आहे आणि त्यातला ४३ क्रमांकाचा रकाना दुकानाचं नाव व ठिकाण यांच्यासाठी राखीव असतो. अख्खा रकाना चाळीस अक्षरांचा. त्यात नाव, शहर, देश सगळं बसवायचं. व्हिसाच्या मांडणीत नावाच्या वाट्याला २५ जागा येतात, मास्टरकार्डच्या मांडणीत २२, आणि मधली मोकळी जागाही मोजली जाते. देवनागरीला इथे सहसा थारा नसतो.

आता पंगतच्या मालकांनी कार्डाचं मशीन घेतलं तेव्हाचा अर्ज पाहू. त्यात दोन नावं विचारतात: कंपनीचं नोंदणीकृत नाव आणि धंद्याचं, म्हणजे पाटीवरचं नाव. मालकांनी, किंवा बहुधा त्यांच्या वतीने अर्ज भरणाऱ्या माणसाने, दोन्हीकडे कागदोपत्री नावच लिहिलं: SHREE GAJANAN HOSPITALITY AND FOODS LLP. बँकेने तेच आपल्या प्रणालीत चढवलं. व्हिसाच्या २५ जागांत त्यातलं SHREE GAJANAN HOSPITALITY बरोबर बसतं. मास्टरकार्डच्या बाविसाव्या जागेवर कात्री लागते ती नेमकी HOSPITAL नंतर. एकाच टेबलावर दोन मित्रांनी निम्मं-निम्मं बिल दिलं, तर एकाला हॉटेल दिसेल आणि दुसऱ्याला दवाखाना! हातात मिळालेल्या चिठ्ठीवर मात्र ‘पंगत’ छापलेलं असू शकतं, कारण चिठ्ठीचा मथळा मशीनमध्ये वेगळा भरता येतो.

ऑनलाइन खरेदीत आणखी एक पाहुणा या जागेत शिरतो. पुष्कळ छोटे दुकानदार थेट बँकेकडे न जाता मधल्या पेमेंट कंपनीमार्फत पैसे घेतात. अशा वेळी आधी त्या कंपनीचं नाव किंवा त्याचं लघुरूप, मग तारांकन आणि मग दुकानाचं नाव अशी रीत आहे. व्हिसाच्या नियमांत हे तारांकन चौथ्या, आठव्या किंवा तेराव्या जागीच यावं लागतं. म्हणून तर PAYPAL * लिहिताना मध्ये ती विचित्र मोकळी जागा दिसते: सहा अक्षरं, सातवी जागा रिकामी, आठवी तारांकनाची. मास्टरकार्डच्या बावीसपैकी आठ जागा तिथेच संपल्या. उरलेल्या चौदांत आपल्या मालकांचं फक्त SHREE GAJANAN मावेल.

शहराचंही तसंच. साखळी दुकानांच्या नोंदीत कधी शाखेऐवजी मुख्य कार्यालयाचं शहर येतं, म्हणून कोल्हापुरातली खरेदी मुंबईची दिसते. ऑनलाइन दुकानांना शहराच्या जागी ग्राहकसेवेचा फोन नंबर देता येतो. माझ्या मते तीच त्या ओळीतली सर्वांत कामाची गोष्ट, पण ती फार थोडे लोक वाचतात.

शिवाय संदेश दोनदा जातो. पहिला परवानगीचा, काही सेकंदांत. दुसरा हिशेबाचा, साधारण एक-दोन दिवसांनी. स्टेटमेंटवर बहुधा दुसऱ्यातला मजकूर येतो, त्यामुळे ॲपमध्ये आधी दिसलेलं नाव नंतर बदललं तर दचकू नये.

मग खरी चोरी ओळखायची कशी? नाव बाजूला ठेवा आणि रक्कम पैशांपर्यंत जुळवा. व्यवहाराची तारीख बघा, नोंदीची नव्हे. चिठ्ठी असेल तर तिच्यावरचा सहा अंकी-अक्षरी मंजुरी क्रमांक बँकेला सांगा, त्यावरून व्यवहार शोधता येतो. दुकानाचा चार आकडी वर्ग-क्रमांकही त्या संदेशात असतो. रेस्टॉरंटसाठी तो ५८१२. नाव हॉस्पिटलचं आणि वर्ग ५८१२ असेल, तर तुम्ही जेवलाच आहात.

काहीच जुळलं नाही तर मात्र थांबू नका. चूक बँकेची नसेल आणि तुमचीही नसेल, तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार नुकसानीचा भार पडत नसे.

पंगतच्या मालकांना सुधारणा करायची असेल, तर मशीन देणाऱ्या बँकेकडे अर्ज करून धंद्याचं नाव PANGAT असं बदलून घ्यावं लागेल. जुन्या नोंदी तशाच राहतील.