हात वर गेला की खांदा का खचतो?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मानवाकृतीचे हात ४५ अंश खाली ठेवून सांगाडा बसवला आणि वजनं आपोआप वाटून घेतली. हात थोडा हलवला तर सगळं ठीक दिसतं. तो डोक्यावर नेला की खांद्याची गोलाई जाते आणि तिथे खळगा पडतो.

त्वचेवरच्या प्रत्येक बिंदूवर कोणत्या हाडाचा किती हक्क, हे वजन सांगतं. बिंदूवर छाती आणि दंड यांचा निम्मा-निम्मा हक्क असेल, तर दोघं त्याला जिथे नेतील त्या दोन जागांच्या बरोबर मध्ये तो जाऊन बसतो. हात वर्तुळाकार फिरतो, पण हा मध्य सरळ रेषेवरचा असतो, म्हणून बिंदू सांध्याकडे आत सरकतो. ९० अंशांच्या वळणात सांध्यापासूनचं त्याचं अंतर ७१ टक्के उरतं. ४५ अंश खालून थेट वर नेताना वळण १३५ अंशांचं होतं आणि अंतर उरतं जेमतेम ३८ टक्के. खळगा पडतो तो यामुळे. नुसता ब्रश फिरवत बसून तो भरत नाही, वळणच कमी करावं लागतं.

शरीरही तेच करतं. हात पूर्ण १८० अंश वर जातो तेव्हा साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० अंश पाठीवरचं खांद्याचं पातं फिरल्यामुळे. म्हणून सांगाड्यात पात्याचा हा वाटा उचलायला गळपट्टीचं हाड हवंच. त्याने ३५ अंश उचलले, तर दंडाच्या वाट्याला १०० अंश राहतात आणि अंतर ६४ टक्क्यांवर येतं. मात्र खांद्याचा माथा गळपट्टी आणि दंड यांच्यातच वाटलेला हवा. तिथे छातीचं वजन राहिलं, तर वळण पुन्हा १३५ अंशांचंच होतं.

ब्रशने वजनं रंगवताना हात वरच ठेवावा, म्हणजे चूक लगेच दिसते. `Auto Normalize` चालू असलं की वजनांची बेरीज १ राहते. लाल म्हणजे पूर्ण वजन आणि निळा म्हणजे शून्य; दंडाचा लाल रंग मानेकडे जाताना जाळीच्या चार-पाच कड्यांमध्ये हळूहळू निळा व्हायला हवा. काखेच्या पुढची आणि मागची घडी म्हणजे छातीचा आणि पाठीचा स्नायू. दोन्ही दंडाच्या हाडाला जोडलेले असतात, म्हणून तिथे दंडाचं थोडं वजन दूरवर पसरू द्यावं. बरगड्यांवर मात्र ते शून्य हवं. हात उचलल्यावर कमरेची त्वचा वर चढली, तर कुठेतरी उरलेलं वजन लपून बसलं आहे.

कोपराला हेच गणित लागू होतं. सांधा थोडा मागे, टोकाजवळ ठेवला की बाहेरच्या बिंदूंचं अंतर मुळातच कमी असतं आणि आकसणंही कमी होतं. वाकण्याच्या जागी तीन कडी हवीत, मधल्या कड्यावर वजन निम्मं-निम्मं. कोपराचं टोक मात्र पुढच्या हाताच्या हाडाचा भाग आहे, म्हणून तिथे त्याचंच वजन जास्त ठेवावं.

`Preserve Volume` लावलं की खळगा भरतो, पण मोठ्या वळणात खांदा बाहेर फुगतो. मी ते बंद ठेवून आधी वजनं नीट बसवते. तरी उरलेला खळगा, हात वर गेल्यावरच लागू होणाऱ्या वेगळ्या शेप कीने भरते.