नाशिकचा 20 मार्च: सात मिनिटं जास्तीची येतात कुठून?

20 मार्चला नाशिकमध्ये सूर्य सकाळी 6:39 च्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी 6:46 ला मावळतो. म्हणजे दिवस 12 तास 7 मिनिटांचा आणि रात्र 11 तास 53 मिनिटांची. विषुवदिनी दोन्ही समान असतात हे शालेय विधान सूर्यबिंबाच्या मध्यबिंदूला लागू पडतं, तेही पृथ्वीला हवा नाही असं धरून. पंचांगातल्या किंवा वर्तमानपत्रातल्या वेळा वेगळ्या हिशेबाने काढलेल्या असतात.

बिंबाची वरची कड क्षितिजावर डोकावली की सूर्योदय आणि तीच कड बुडाली की सूर्यास्त, असा संकेत आहे. बिंबाची रुंदी सुमारे 32 कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित जास्त. त्यामुळे या दोन्ही क्षणी मध्यबिंदू क्षितिजाच्या 16 कला खाली असतो.

हवेचा वाटा याच्या दुपटीहून मोठा आहे. क्षितिजालगतचा प्रकाश वातावरणाच्या विरळ थरांतून दाट थरांत येताना थोडाथोडा खाली वळतो, म्हणून सूर्य आपल्याला आहे त्यापेक्षा सुमारे 34 कला वर दिसतो. 34 ही संख्या 32 पेक्षा मोठी आहे, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. मावळतीला बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, त्या क्षणी खरा सूर्य अख्खाच्या अख्खा क्षितिजाखाली गेलेला असतो. खालच्या कडेचा प्रकाश वरच्या कडेपेक्षा जास्त वळतो, म्हणून बिंब चपटंही दिसतं.

34 आणि 16 मिळून 50 कला. आकाशात सूर्य मिनिटाला 15 कला सरकतो, पण नाशिक 20 उत्तर अक्षांशावर असल्याने तो तिरपा उतरतो आणि प्रत्यक्ष उंची मिनिटाला 14 कलांनीच घटते. 50 ला 14 ने भागलं की साडेतीन मिनिटं. तेवढीच सकाळी, तेवढीच संध्याकाळी. झाली सात.

मार्चमध्ये नाशिकचा दिवस रोज साधारण 70 सेकंदांनी वाढतो. म्हणून खरी समसमान दिवस-रात्र सहा दिवस आधीच, 14 मार्चच्या आसपास येऊन गेलेली असते. सप्टेंबरमध्ये दिवस घटत असतो, तेव्हा ती विषुवदिनानंतर, 29 तारखेच्या सुमारास येते. विषुववृत्तावर मात्र ती कधीच येत नाही, तिथला दिवस वर्षभर 12 तासांपेक्षा सहा-सात मिनिटांनी मोठाच राहतो.

घड्याळ लावून हे पडताळायचं तर डोंगर आडवे येतात. पश्चिमेचा डोंगर नजरेच्या सपाट रेषेपेक्षा 1 अंश उंच दिसत असेल, तर सूर्य सुमारे पाच मिनिटं आधीच दिसेनासा होतो. 2 अंश असेल तर सुमारे साडेनऊ मिनिटं, म्हणजे मोजायला निघालेली सातही मिनिटं त्यातच बुडतात. शिवाय 34 कला हा समुद्रसपाटीवरच्या थंड हवेसाठीचा प्रमाण आकडा आहे. सुमारे 600 मीटर उंचीवरच्या नाशिकच्या उबदार, विरळ हवेत प्रकाश थोडा कमी वळतो. मात्र त्याने फरक पडतो तो काही सेकंदांचाच, डोंगराइतका नाही.