घरचा नॅस बाहेरून का उघडत नाही?

नागपूरच्या धरमपेठेत राहणारा, लग्नांचे फोटो काढणारा एखादा फोटोग्राफर घ्या. सगळे फोटो घरच्या नॅसवर, म्हणजे राउटरला जोडलेल्या हार्ड डिस्कच्या डब्यात. तो पुण्यात हॉटेलवर आहे आणि ग्राहकाला मागच्या वर्षीचा एक फोल्डर हवाय. निघण्यापूर्वी त्याने राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून ठेवलं होतं: बाहेरून येणारी विनंती `192.168.1.50` या नॅसकडे वळवायची. तरीही काही उघडत नाही.

बहुतेकदा सेटिंग बरोबरच असतं. आयपीव्ही४चे पत्ते जगभरात मिळून जेमतेम 429 कोटी, त्यामुळे इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटून देतात. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रापर्यंत पोचते, पण ती कोणत्या घरची हे त्या यंत्राला कळत नाही. फ्लॅट नंबर न लिहिलेलं पार्सल वॉचमनकडेच पडून राहावं तसं. आपल्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

ओळखायचं कसं? राउटरच्या पानावरचा WAN IP पाहा. तो `100.64` ते `100.127` यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर सीजीनॅट नक्की; ही मालिका 2012 साली त्याच कामासाठी राखून ठेवली गेली.

मात्र आतून बाहेर जायला आडकाठी नसते. नॅसने बाहेर काही पाठवलं की कंपनीचं यंत्र त्याची नोंद ठेवतं आणि उत्तर आत सोडतं. टेलस्केलसारखी साधनं याचाच फायदा घेतात. नॅस आणि लॅपटॉप दोघंही आधी एका मध्यस्थ सर्व्हरला आपापला पत्ता कळवतात, मग एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट पाठवतात. दोन्हीकडच्या यंत्रांना समोरून आलेलं पॅकेट आपल्याच पॅकेटचं उत्तर वाटतं आणि वाट मोकळी होते. फोटो त्या सर्व्हरवर जात नाहीत. ते वायरगार्ड या एन्क्रिप्शनच्या पद्धतीने कुलूपबंद होऊन थेट येतात.

काही नेटवर्कवर ही युक्ती चालत नाही. मग तीच कुलूपबंद पॅकेटं टेलस्केलच्या रिले सर्व्हरवरून फिरून येतात आणि वेग पडतो. नॅसचं नाव `nas` असेल, तर लॅपटॉपवर हे चालवा:

```
tailscale ping nas
```

उत्तरात `via DERP` येत राहिलं, तर रिले चालू आहे.

थेट जोडणीतही वेग ठरतो तो घरच्या अपलोडवर. तो 20 एमबीपीएस असेल, तर 2 जीबीच्या फोल्डरला सुमारे 13 मिनिटं लागतील, हॉटेलचं वायफाय कितीही वेगवान असो.

जादा पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घेतला, तर पोर्ट फॉरवर्डिंगही चालतं. पण नॅसचं लॉगिन पान असं उघड्यावर ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जानेवारी 2022मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे नॅस गाठून त्यांतल्या फायलींना कुलूप ठोकलं होतं.

चाचणी मात्र नागपूर सोडण्यापूर्वीच, फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर घ्यावी. आणि वीज गेल्यावर परत आली की नॅस आपोआप सुरू होईल, हे सेटिंगही तेव्हाच तपासावं; ऐन मे महिन्यात लाइट गेली, तर बटण दाबायला घरी कोणी नसतं.