बुटाचा नंबर पायाचा नसतोच

ऑनलाइन विक्रीसाठी बुटाची माहिती लिहिताना ‘यूके ७.५, ईयू ४१’ एवढंच लिहून बहुतेक विक्रेते थांबतात. पण हे आकडे पायाचे नाहीत. बूट ज्या साच्यावर ओढून शिवतात, त्या साच्याची लांबी ते सांगतात. बोटांना हलायला जागा हवी म्हणून हा साचा पायापेक्षा साधारण दीड ते दोन सेंटीमीटर लांब ठेवतात.

समजा, पाय २६ सेंटीमीटरचा आहे आणि कारखान्याने दीड सेंटीमीटर जागा सोडली आहे. साचा झाला २७.५ सेंटीमीटरचा. युरोपीय नंबर म्हणजे साच्याच्या सेंटीमीटरांची दीडपट, म्हणजे ४१.२५, बुटावर ४१ छापतात. ब्रिटिश नंबर काढताना साच्याची लांबी इंचात घेऊन तिला तिनाने गुणतात आणि २५ वजा करतात. तो येतो साडेसात. दुसऱ्या कारखान्याने दोन सेंटीमीटर जागा सोडली, तर त्याच पायासाठी नंबर होतो यूके ८, ईयू ४२. दोघांचंही गणित बरोबर, तरी ग्राहक गोंधळतो.

शिवाय दोन्ही पद्धतींच्या पायऱ्या जुळत नाहीत. ब्रिटिश नंबर एकाने वाढला की साचा ८.४७ मिलिमीटरने वाढतो, युरोपीय नंबर वाढला की ६.६७ मिलिमीटरने. म्हणून यूके ८ चा ४१.९ येतो आणि ४२ लिहिता येतो, पण यूके १० चा येतो जवळजवळ ४४.५. त्याला कोणी ४४ लिहितं, कोणी ४५. दुसऱ्याचा तक्ता उचलून आपल्या मालाखाली चिकटवू नये, ते यासाठीच.

यातून सुटायचं तर पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये द्यावी. जपानमध्ये बुटावर तीच छापतात. मात्र इथे एक चूक फार घडते: विक्रेता बुटाचा आतला सोल मोजतो आणि २७.५ हीच ‘पायाची लांबी’ म्हणून लिहितो. मग खरोखर २७.५ सेंटीमीटरचा पाय असलेला माणूस तो बूट मागवतो आणि त्याची बोटं पुढे दाबली जातात. ‘लांबीला लहान’ अशा तक्रारी सगळ्याच नंबरांवर येऊ लागल्या, तर आधी हा आकडा तपासावा. ग्राहकालाही मोजायची रीत सांगावी: संध्याकाळी, टाच भिंतीला टेकवून, कागदावर उभं राहून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजायचं. दोन्ही पाय मोजून मोठ्याचा आकडा धरायचा.

रुंदीचं नुसतं अक्षर पुरत नाही. अमेरिकी पद्धतीत ‘डी’ पुरुषांसाठी मध्यम, तर बायकांसाठी रुंद. चवडा रुंद असला की लोक एक नंबर मोठा घेतात. घेर थोडा वाढतो, पण लांबीही वाढते, टाच निसटते आणि बूट बोटांच्या सांध्यापुढे दुमडतो. म्हणून असं लिहावं:

‘पाय २५.८ ते २६.२ सेंमी: यूके ७.५, ईयू ४१. चवड्याला मध्यम. चामडं वापराने रुंदीत थोडं सैलावेल, लांबीत नाही. रुंद पायांसाठी नंबर वाढवू नका, याच बुटाचा रुंद साचा निवडा.’

रुंद साचा नसेल, तर शेवटच्या वाक्याऐवजी ‘रुंद पायांना घट्ट बसेल’ असं लिहावं.